शिष्यवृत्ती देणाऱ्या विश्वस्तांना खुले पत्र: शेवटची तारीख कागदपत्रांवरून ठरवा

मा. विश्वस्त आणि शिष्यवृत्ती समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या न्यासांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर फिरू लागतात. एक चौकट, वर न्यासाचे नाव, खाली दहा-बारा ओळी. पात्रता, कागदपत्रे, शेवटची तारीख, संपर्क. त्या ओळी वाचून मुलांचे अर्ज भरून देणे आणि आलेल्या अर्जांची छाननी करणे हे आमचे काम. आमचे म्हणणे या दहा-बारा ओळींपुरतेच आहे. पात्रता एक जण ठरवतो, कागदपत्रांची यादी मागच्या वर्षीची उचलली जाते, तारीख कार्यक्रमाच्या सोयीने पडते, आणि या ओळी एकमेकींशी कुणी ताडून पाहत नाही. त्यामुळे ज्या मुलासाठी पैसा बाजूला काढला, नेमका तोच पहिल्या छाननीत बाद होतो.

नेहमी दिसणारा एक नमुना घेऊ. जाहिरात अशी: "पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी. बारावीत किमान 60 टक्के. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. सोबत उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, कॉलेजचे बोनाफाईड, फीची पावती, आधार कार्ड आणि पासबुक जोडावे. शेवटची तारीख 15 जुलै." वाचायला सरळ वाटते. आता एक मुलगी धरा. बारावी विज्ञान, 68 टक्के, सीईटी दिली आहे, अभियांत्रिकीला जायचे आहे. तिचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांतून होणार. या फेऱ्या बऱ्याचदा ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्येही चालू असतात. औषधनिर्माणशास्त्राच्या काही वर्षी त्याहूनही लांबतात. म्हणजे 15 जुलैला तिच्याकडे कॉलेजच नसते. बोनाफाईड कुठून आणणार? फीची पावती कशाची जोडणार?

मग तीनपैकी एक गोष्ट होते. ती अर्जच करत नाही. किंवा जुन्या कनिष्ठ महाविद्यालयाचे बोनाफाईड जोडते आणि छाननीत "चुकीचे प्रमाणपत्र" असा शेरा पडतो. किंवा गावातल्या कॉलेजात बीएस्सीला तात्पुरता प्रवेश घेऊन त्याची पावती जोडते. पुढे कॅपमध्ये जागा मिळाली की कॉलेज बदलते, आणि मंजूर झालेला धनादेश भलत्याच कॉलेजच्या नावाने निघालेला असतो. या तारखेला सगळी कागदपत्रे पूर्ण कुणाची असतात? ज्याने व्यवस्थापन कोट्यातून लवकर प्रवेश घेतला त्याची, किंवा जिथे प्रवेशाला स्पर्धा नाही अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याची. गरजू आणि गुणवंत यांना आधी संधी द्यायची असे जाहिरातीच्या पहिल्या ओळीत म्हटलेले असते. शेवटची ओळ त्यांनाच मागे ठेवते.

म्हणून कागदपत्रांची यादी आधी करा आणि प्रत्येक कागदापुढे तो विद्यार्थ्याच्या हातात कधी पडतो ते लिहा. संकेतस्थळावरची गुणपत्रिका निकालाच्या दिवशीच मिळते, छापील काही दिवसांनी. आधार आणि पासबुक बहुतेकांकडे असतेच. उत्पन्नाचा दाखला अर्ज केल्यापासून मिळायला 15 दिवसांची मुदत ठरलेली आहे, पण जूनमध्ये सेतू केंद्रांवर प्रवेशासाठी दाखले काढणाऱ्यांची झुंबड असते आणि तलाठ्याचा अहवाल वेळेवर मिळाला नाही तर मुदत हलते. बोनाफाईड आणि पावती प्रवेशानंतरच. एवढे कागदावर उतरवले की एकच शेवटची तारीख पुरणार नाही हे आपोआप दिसते.

उपाय दोन टप्प्यांचा आहे आणि तो अवघड नाही. पहिल्या टप्प्यात जे आज आहे तेच मागा: बारावीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आणि प्रवेश प्रक्रियेत असल्यास कॅप नोंदणीची पोच. यावरून तात्पुरती निवड करा. दुसऱ्या टप्प्यात बोनाफाईड आणि फीची पावती, "प्रवेश निश्चित झाल्यापासून 10 दिवसांत" अशा अटीवर. त्यालाही एक बाहेरची मर्यादा द्या, उदाहरणार्थ 31 ऑक्टोबर, म्हणजे जागा रिकामी राहिली तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला देता येईल. पैसे दुसरा टप्पा पूर्ण झाल्यावरच सोडा. न्यासाचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्यामुळे ऑक्टोबरनंतरही वाटपाला पुरेसा अवधी उरतो. अडचण येते ती एकाच ठिकाणी: ऑगस्टमध्ये धनादेश वाटपाचा जाहीर कार्यक्रम ठरलेला असतो. तो कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये घ्यावा, किंवा ऑगस्टमध्ये फक्त निवडपत्रे द्यावीत, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

आता उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल, कारण सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. "उत्पन्नाचा दाखला जोडावा" एवढीच ओळ असली की लोक जे हाताशी असेल ते जोडतात. कुणी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल लावतो. तो दाखला नव्हे, दाखल्यासाठी तहसीलदारांकडे जाणारा कागद आहे. कुणी केशरी शिधापत्रिकेची झेरॉक्स लावतो. ती कित्येक वर्षांपूर्वी मिळालेली असते, तिच्यावरून आजचे उत्पन्न कळत नाही. आणि सर्वांत जास्त वेळा चुकते ते वर्ष. दाखल्याच्या तळाशी "31 मार्चपर्यंत वैध" अशा अर्थाची ओळ असते. जानेवारी 2026 मध्ये काढलेल्या दाखल्याची वैधता 31 मार्च 2026 ला संपलेली असते. मुलगा जुलैमध्ये तोच जोडतो, कारण त्याच्या मते तो सहाच महिन्यांपूर्वीचा आहे. म्हणून जाहिरातीत "चालू वर्षाचा दाखला" असे लिहू नका. "चालू" म्हणजे कॅलेंडरचे, शैक्षणिक की आर्थिक, याचा प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. सरळ लिहा: "तहसीलदारांनी दिलेला, आर्थिक वर्ष 2025-26 च्या उत्पन्नाचा, 31 मार्च 2027 पर्यंत वैध असलेला दाखला." एक ओळ वाढते, पण अर्जदाराला आपला कागद समोर धरून स्वतःच ताळा करता येतो.

काही दाखल्यांवर एका वर्षाचे, काहींवर तीन वर्षांचे उत्पन्न असते. तीन आकडे असतील तर शेवटच्या वर्षाचा धरणार की सरासरी, हे आधी ठरवा. शेतकरी कुटुंबात हे आकडे एकमेकांपासून फार लांब असू शकतात. आई आणि वडील दोघांचे उत्पन्न धरायचे असेल तर तसे शब्दांत लिहा, कारण दाखला बहुधा वडिलांच्या नावाने निघतो आणि आईच्या पगाराचा त्यात उल्लेख असेलच असे नाही. नोकरदार पालकांकडून फॉर्म 16 मागा. तो कंपनीने 15 जूनपर्यंत द्यायचा असतो, त्यामुळे मेमध्ये मागण्यात अर्थ नाही. आणि एक ओळ त्या मुलांसाठी, ज्यांची आई नवऱ्यापासून वेगळी राहते पण न्यायालयाचा निकाल नाही. त्यांना वडिलांचा दाखला मिळत नाही, घटस्फोटाचा कागद नसतो आणि मृत्यूचा दाखला असण्याचा प्रश्नच नाही. "अशा वेळी आईच्या नावाचा उत्पन्न दाखला आणि मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायतीचे पत्र चालेल" असे छापले नाही तर ही मुले अर्जाच्या दारातूनच परत जातात, आणि त्यांची गरज बहुतेक वेळा यादीतल्या कुणाहूनही मोठी असते.

दाखला यायचा असेल तर काय, हेही सांगून टाका. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केल्याची पोच पहिल्या टप्प्यात स्वीकारा आणि दाखला दुसऱ्या टप्प्यात घ्या. साक्षांकनाचेही तसेच. राज्य सरकारने 2015 पासून आपल्या कार्यालयांत स्वयंसाक्षांकित प्रती घ्यायला सुरुवात केली. तरीही काही न्यास राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि मुद्रांक कागदावरचे प्रतिज्ञापत्र मागतात. अर्ज करायलाच काही शे रुपये लागत असतील तर पहिल्या पायरीवर कोण गळेल हे सांगायला नको. मूळ कागदपत्रे निवड झालेल्यांचीच तपासली तरी पुरते.

गुणांच्या अटीत एक छोटीशी खोच आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर राज्य मंडळाची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची, म्हणजे 500 पैकी असते, आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण त्यात मिळवलेले असू शकतात. समितीतले कुणी सहा विषयांची बेरीज 600 ने भागत बसले तर तोच विद्यार्थी वर-खाली होतो. "गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी धरली जाईल" ही ओळ पुरेशी आहे.

"विद्यार्थी इतर कोणतीही शिष्यवृत्ती घेत नसावा" ही अट मात्र कृपया काढून टाका, किंवा तिची भाषा बदला. तीमागचा हेतू आम्हाला समजतो: एकाच मुलाला चार ठिकाणांहून मिळू नये. पण राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेणारी, कमी उत्पन्नाच्या घरातली बहुतेक मुले कुठल्या ना कुठल्या सरकारी सवलतीत असतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत याच मर्यादेतल्या मुलींना पूर्ण सवलत आहे. आपली अट शब्दशः वाचली तर ही सारी मुले अपात्र. प्रामाणिक मूल "मला सरकारी सवलत आहे" असे लिहून बाद होते, आणि दुसरे तो रकाना कोरा ठेवून निवडले जाते.

आकड्यांत पाहा. समजा एका कॉलेजची फी 90,000 रुपये: त्यात शिक्षण शुल्क 76,000 आणि विकास शुल्क व इतर मिळून 14,000. निम्मी सवलत असलेल्या मुलाचे 38,000 सरकार भरते, त्याच्या घरावर 52,000 उरतात. पूर्ण सवलत मिळालेल्या मुलीला 14,000 भरायचे राहतात. शिवाय वसतिगृह आणि खानावळ. तो खर्च पावतीवर कधीच दिसत नाही आणि गावाहून आलेल्या मुलीला तोच सर्वांत जड जातो. तेव्हा अट अशी लिहा: "सरकारी शुल्क सवलत असली तरी अर्ज करता येईल. मिळणारी सर्व मदत मिळून प्रत्यक्ष शैक्षणिक खर्चाहून जास्त नसावी." आणि अर्जात चार रकाने ठेवा: एकूण फी, सरकारी सवलत, इतर न्यासांची मदत, राहिलेली रक्कम. राहण्या-जेवण्याचा खर्च धरणार असाल तर पाचवा. मग छाननी करणाऱ्यापुढे अंदाज नव्हे, आकडा असतो.

आता निवडीचे. जाहिरातीत बहुतेक वेळा एकच वाक्य असते: "निवडीचे सर्व अधिकार समितीकडे राखीव." अधिकार समितीचेच आहेत, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. पण निवड कशावर होणार हे कळले नाही तर अर्जदार काय दाखवायचे ते ठरवू शकत नाही, आणि समितीलाही बैठकीत कुणाच्या ओळखीचा अर्ज आला की नाही म्हणणे अवघड होते. आधी छापलेली गुणपद्धत असेल तर तो अवघड क्षण येतच नाही.

एक साधी पद्धत अशी. शंभर गुण: उत्पन्नाला 40, परीक्षेतल्या गुणांना 30, घरच्या परिस्थितीला 20, बोलण्याला म्हणजे मुलाखतीला 10. उत्पन्न एक लाखापर्यंत 40, दीड लाखापर्यंत 30, दोन लाखांपर्यंत 20, अडीच लाखांपर्यंत 10. टक्केवारी 60 ते 70 मध्ये 15, 80 पर्यंत 20, 90 पर्यंत 25, त्यापुढे 30. परिस्थितीचे 20 गुण फक्त कागदावर दाखवता येणाऱ्या गोष्टींना: पालक हयात नसणे किंवा एकटी आई, घरात दिव्यांगत्व किंवा दीर्घ आजार, घरातून पदवीपर्यंत पोचणारे पहिलेच मूल. वर सांगितलेली मुलगी घ्या: 68 टक्के, उत्पन्न 72,000, आई एकटी कमावणारी. तिचे 40, 15 आणि 20 मिळून 75 होतात. दुसरा विद्यार्थी 91 टक्क्यांचा, उत्पन्न 2,10,000, दोन्ही पालक कमावते. त्याचे 10 आणि 30 मिळून 40. मुलाखतीचे दहाच्या दहा मिळाले तरी तो 50 वरच थांबतो. नुसती गुणवत्ता यादी लावली असती तर तो वर आणि ही कदाचित यादीबाहेर. आपल्या न्यासाला हुशारीचाच गौरव करायचा असेल तर तेही योग्य आहे, मग वजन उलटे ठेवा. पण मग जाहिरातीत "गरजू" हा शब्द घालू नका.

मुलाखतीला दहापेक्षा जास्त गुण देऊ नयेत असे आमचे ठाम मत आहे. पाच अनोळखी मोठ्या माणसांसमोर शहरातली मुले सफाईने बोलतात, इतरांना घाम फुटतो, आणि त्या सफाईचा गरजेशी काही संबंध नसतो. शिवाय मुलाखतीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावले की सोबत येणाऱ्या पालकाची दिवसाची मजुरी बुडते. फोनवर किंवा तालुक्याच्या ठिकाणी घेता आली तर उत्तम. बोलवायचेच असेल तर प्रवासखर्च देणार की नाही हे जाहिरातीतच सांगा. गुण सारखे पडले तर कमी उत्पन्नाचा अर्ज वर, हेही आधीच ठरवलेले बरे. आणि विश्वस्त, त्यांचे नातेवाईक यांची मुले अर्ज करू शकणार नाहीत, ही ओळ छापाच. अशा व्यक्तींना न्यासाच्या पैशाचा लाभ दिला तर न्यासाची आयकर सवलत धोक्यात येते, हे आपले सनदी लेखापाल सांगतीलच. ती ओळ छापलेली असली की अर्जदारांचाही विश्वास बसतो.

पैसे खात्यात जाईपर्यंत दोन गोष्टी बिघडतात. आयएफएससी कोडचे पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. हाताने भरलेल्या अर्जात तिथे इंग्रजी ओ येतो आणि रक्कम परत येते. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरचे कोडही बदललेले असतात, म्हणून पासबुकाचे पहिले पान अलीकडे छापून घेतलेले मागा. दुसरी गोष्ट, अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या "छोट्या खात्यात" शिल्लक 50,000 रुपयांपेक्षा आणि वर्षभरातली जमा एक लाखापेक्षा जास्त होऊ शकत नाही. मोठी रक्कम देणार असाल तर विद्यार्थ्याला आधीच खात्याचे केवायसी पूर्ण करायला सांगा. आधारची पूर्ण झेरॉक्स साठवून ठेवू नका. शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार निवडीला पुरते.

हे सगळे एका चौकटीत कसे मावेल, असे आपण म्हणाल. मावते. उदाहरण म्हणून ही जाहिरात पाहा. आकडे आपले घाला:

"शिष्यवृत्ती 2026-27. पदवी किंवा पदविका, प्रथम वर्ष. रक्कम 25,000 रुपये, जागा 40.

कोण अर्ज करू शकते: बारावी किंवा दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी किमान 60, आई-वडिलांचे मिळून 2025-26 चे उत्पन्न 2,50,000 पर्यंत. प्रवेश अजून झाला नसला तरी अर्ज करा. सरकारी शुल्क सवलत असली तरी चालेल.

पहिला टप्पा, शुक्रवार 31 जुलै 2026, संध्याकाळी 6 पर्यंत: गुणपत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला (31 मार्च 2027 पर्यंत वैध) किंवा त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच, कॅपमधून प्रवेश घेणार असल्यास नोंदणीची पोच. स्वतः सही केलेल्या झेरॉक्स चालतील.

तात्पुरती यादी: गुरुवार 20 ऑगस्ट.

दुसरा टप्पा, प्रवेशानंतर 10 दिवसांत, जास्तीत जास्त 31 ऑक्टोबरपर्यंत: बोनाफाईड, फीची पावती, पासबुकाचे पहिले पान, मास्क्ड आधार, राहिला असल्यास उत्पन्नाचा दाखला.

निवड: उत्पन्न 40, गुण 30, घरची परिस्थिती 20, फोनवर बोलणे 10. विश्वस्त व त्यांच्या नातेवाइकांची मुले अपात्र. अर्जाला कोणतेही शुल्क नाही. कुणी मागितल्यास न्यासाच्या कार्यालयाला कळवा."

यात वर्ष दोन ठिकाणी का आहे, तर चित्र वर्षभर फिरत राहते आणि पुढच्या जुलैमध्ये कुणीतरी "आजच आले आहे" म्हणून पाठवतो. वार लिहिला की तारीख टंकताना झालेली चूकही लगेच पकडता येते. मजकूर चित्रासोबत साध्या अक्षरांतही टाका, म्हणजे तो शोधता येतो, लहान फोनवर वाचता येतो आणि अंध विद्यार्थ्यांना फोनवर ऐकता येतो. 1 ऑगस्टच्या सकाळी त्याच पोस्टच्या पहिल्या ओळीत "पहिल्या टप्प्याची मुदत संपली, दुसरा टप्पा फक्त निवड झालेल्यांसाठी" असे लिहा. अर्ज अपुरा असेल तर नेमका कोणता कागद कमी आहे ते एका संदेशाने कळवा आणि तो द्यायला सात दिवस द्या. "अपूर्ण अर्जांचा विचार केला जाणार नाही" या ओळीऐवजी हे सात दिवस जाहिरातीतच छापता येतील.

यंदाच्या जाहिरातीचा मसुदा तयार असेल आणि प्रसिद्धीआधी कुणी तो अर्जदाराच्या नजरेने तपासून द्यावा असे वाटले, तर आपल्या तालुक्यातल्या सेतू केंद्रचालकाला किंवा कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या लिपिकाला दाखवा. कोणता कागद कोणत्या आठवड्यात मिळतो हे त्यांना तोंडपाठ असते.

आपले नम्र,
शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे आणि छाननी करणारे कार्यकर्ते